पायाची पायरी जुळते, पण विगमन पायरी अडते: फोटोवरून उतरवलेल्या विधानातला दोष कसा शोधावा

गणिती विगमनाचे, म्हणजे वर्गात ज्याला सगळेच ‘इंडक्शन’ म्हणतात त्या रीतीचे उदाहरण सोडवताना येणारी एक अडचण माझ्याकडे दर पावसाळ्यात न चुकता येते. पायाची पायरी बिनचूक जुळते, गृहीतकही लिहून होते, आणि विगमन पायरीच्या दोन-चार ओळी झाल्या की पुढे काही केल्या जायला वाट राहत नाही. मुलांना वाटते की अवयव पाडण्यात आपले काहीतरी चुकले, म्हणून तीच आकडेमोड ती तीन-तीन वेळा करतात आणि तिन्ही वेळा त्याच ओळीवर येऊन थांबतात. माझ्या अनुभवात अशा वेळी आकडेमोड बहुधा बरोबरच असते. जे विधान सिद्ध करायला घेतले तेच मुळात चुकीचे उतरवलेले असते, आणि ते चुकलेले असते कारण ते पुस्तकातून नव्हे, फोनवर आलेल्या फोटोतून घेतलेले असते.

मी फोंड्याला अकरावी-बारावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेतो. जुलैत पाऊस लागून राहिला की धारबांदोडा आणि सत्तरीकडची मुले येऊ शकत नाहीत, मग पुस्तक एकाकडे आणि त्याचा फोटो दहा जणांकडे अशी स्थिती होते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका मुलीने आपली वही दाखवली. मैत्रिणीने पाठवलेल्या फोटोतून तिने हे विधान उतरवून घेतले होते:

1³ + 2³ + 3³ + … + n³ = n(n+1)/2

ज्यांना हे सूत्र पाठ आहे त्यांना चूक लगेच दिसेल, पण अकरावीच्या सुरुवातीला ते पाठ नसते आणि पाठ असण्याची अपेक्षाही नसते. म्हणून हे सूत्र आपल्याला ठाऊक नाही असे धरूनच पुढे जाऊ.

तिने n = 1 घेतले. डावी बाजू 1³ = 1, उजवी बाजू 1·2/2 = 1. पायाची पायरी जुळली. मग विधान n = k साठी सत्य मानले आणि n = k+1 कडे वळताना दोन्ही बाजूंत (k+1)³ मिळवले. तिची उजवी बाजू अशी पुढे गेली:

k(k+1)/2 + (k+1)³
= [(k+1)/2] · [k + 2(k+1)²]
= [(k+1)/2] · [2k² + 5k + 2]
= (k+1)(k+2)(2k+1)/2

हवे होते (k+1)(k+2)/2. आलेल्या उत्तरात (2k+1) हा एक अवयव जास्तीचा आहे. बाकी सगळे जसेच्या तसे जुळले असल्याने मोह किती होतो ते पाहा: (k+1) आहे, (k+2) आहे, छेदात 2 आहे, फक्त एक कंस मध्ये बसला आहे. तिने तो पेन्सिलीने हलकेच खोडून शेवटी ‘म्हणून P(k+1) सत्य’ असे लिहिले होते. मी त्या खोडलेल्या कंसावर बोट ठेवल्यावर ती म्हणाली, “सर, बाकीचं सगळं येतं, एवढाच कंस जात नाही.” मी म्हटले, “बाय, तो जात नाही कारण तो तिथे असायलाच हवा. तुझी आकडेमोड बरोबर आहे.”

हे मी कशावरून म्हटले, तीच या दोषाची खरी तपासणी आहे. विगमन पायरी अडली की k ला 1 ही किंमत द्यावी आणि तीन संख्या काढून एकमेकींशेजारी लिहाव्यात. पहिली संख्या म्हणजे n = 2 साठी डाव्या बाजूची सरळ बेरीज, जिच्यात कोणतेही सूत्र वापरायचे नाही: 1³ + 2³ = 9. दुसरी म्हणजे आपण अडलो त्या ओळीची किंमत: 2·3·3/2 = 9. तिसरी म्हणजे जिथे पोहोचायचे आहे त्या राशीची किंमत: 2·3/2 = 3. पहिली आणि दुसरी सारखी आहे, तिसरी वेगळी आहे. याचा अर्थ आपली आकडेमोड आपल्याला खऱ्या बेरजेपर्यंत घेऊन आली आहे आणि जिथे पोहोचायचे तेच ठिकाण चुकीचे लिहिलेले आहे. याउलट पहिली आणि तिसरी सारखी येऊन दुसरी वेगळी आली असती, तर दोष आकडेमोडीतच असता, आणि मग एकेका ओळीत k = 1 घालत मागे गेल्यावर ज्या दोन ओळींमध्ये किंमत बदलते तिथेच चूक सापडली असती. तिन्ही संख्या सारख्या आल्या तर बहुतेक वेळा आपण अडलेलोच नसतो, एखादा अवयव पाडायचा राहिलेला असतो. मात्र या तपासणीला पायाची पायरी आधी जुळलेली असणे आवश्यक आहे, कारण दुसरी संख्या P(1) च्या आधारानेच खऱ्या बेरजेइतकी येते.

आता साहजिक प्रश्न असा की विधान जर इतके उघड चुकीचे आहे, n = 2 ला 9 आणि 3 असा फरक पडतो, तर पायाच्या पायरीने ते अडवले का नाही. कारण घातांक हरवला आहे आणि 1 या संख्येला घातांकाचे सोयरसुतक नसते. 1 चा वर्ग, घन, दहावा घात, सगळे 1 च. मूळ विधानात उजव्या बाजूच्या कंसाबाहेर वर्ग होता; तो असला काय आणि नसला काय, n = 1 ला कंसातली किंमत 1 असल्याने दोन्ही वेळा उत्तर 1 च येते. छापील ओळीत सर्वांत लहान आकाराची अक्षरे घातांकांचीच असतात, त्यामुळे फोटो धूसर झाला की आधी तीच जातात; आणि नेमकी तीच चूक n = 1 च्या तपासणीला दिसत नाही. दोन गोष्टी अशा एकमेकींच्या पथ्यावर पडतात म्हणूनच ही अडचण पुन्हा पुन्हा येते.

त्यामुळे माझ्याकडे एक नियम ठरलेला आहे: फोटोतून विधान उतरवले की सिद्धतेला हात लावण्याआधी, वहीच्या समासात, n = 1, 2 आणि 3 या तिन्हींसाठी दोन्ही बाजूंच्या किमती काढायच्या. दोनवर थांबायचे नाही, याला कारण आहे. 2ⁿ मधला वरचा n खाली उतरून 2n असा वाचला गेला तर n = 1 ला दोन्ही 2 होतात, n = 2 ला दोन्ही 4 होतात, आणि फरक पहिल्यांदा दिसतो तो n = 3 ला, जेव्हा एकीकडे 8 आणि दुसरीकडे 6 येतात. तीन किमती जुळल्याने विधान सिद्ध होत नाही हे वेगळे सांगायला नको. n² − n + 41 ही राशी n = 1 पासून 40 पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या देते आणि n = 41 ला 41² होऊन फसते. समासातल्या तीन ओळी विधान खरे आहे असे सांगत नाहीत. ते उतरवताना ठळक चूक झाली आहे का, एवढेच सांगतात.

विधान चुकले आहे हे कळल्यावर मुले जे करतात ते मला त्या खोडलेल्या कंसाहून अधिक काळजीचे वाटते. ती विधान स्वतःच दुरुस्त करतात. या मुलीनेही तेच केले. तीन संख्यांचा ताळा पाहिल्यावर तिने फोटो मोठा करून पाहिला, डाव्या बाजूच्या संख्यांवरचे लहानसे 3 तिला पुसट दिसले, आणि ते कागदावरचे डाग असावेत असे ठरवून तिने नवे विधान लिहिले:

1 + 2 + 3 + … + n = n(n+1)/2

हे विधान सत्य आहे. n = 1, 2, 3 ला 1, 3, 6 अशा किमती दोन्हीकडे येतात, विगमन पायरी चार ओळींत सुटते, शेवटी काही खोडावे लागत नाही. सिद्धता निर्दोष होती, फक्त विचारलेल्या प्रश्नाची नव्हती. इथे आकड्यांची कोणतीही तपासणी उपयोगी पडत नाही. चुकीच्या विधानापासून एका घातांकाच्या अंतरावर दोन खरी विधाने आहेत: डावीकडचे घन काढून टाकले तर एक मिळते, उजवीकडे वर्ग घातला तर दुसरे. गणिताला दोन्ही सारखीच मान्य आहेत. त्यांपैकी कोणते छापले होते हे फक्त पुस्तक सांगू शकते, म्हणून तिला मैत्रिणीकडून दुसरा फोटो मागवायला लावले.

पहिल्या फोटोत काय बिघडले होते ते दुसरा फोटो शेजारी ठेवल्यावर कळले. उदाहरण पुस्तकाच्या डाव्या हाताच्या पानावर होते. डाव्या पानावरची ओळ जिथे संपते तो भाग शिवणीकडे येतो, तिथे कागद आत वळतो, आणि मैत्रिणीने फोटो काढताना वीज गेलेली असल्याने खिडकीतून येणाऱ्या उजेडाची सावली नेमकी त्या वळणात पडली होती. सूत्राचा शेवट म्हणजे उजवी बाजू, उजव्या बाजूचा शेवट म्हणजे कंस, आणि कंसाच्या डोक्यावरचा तो 2 सावलीत गेला होता. मोठा कंससुद्धा त्या वळणात छापील रेघेसारखा दिसत होता, म्हणून तिने तो लिहिलाच नव्हता. दुसऱ्या फोटोसाठी तिला शिवणीजवळ तळहाताने पान दाबून धरायला सांगितले, फोन पानाच्या बरोबर वर धरायला सांगितले, आणि फक्त सूत्राचा नव्हे तर त्याच्या वरच्या एका व खालच्या एका ओळीसह फोटो काढायला सांगितले. मग सूत्र आले ते असे:

1³ + 2³ + 3³ + … + n³ = [n(n+1)/2]²

घनांची बेरीज म्हणजे बेरजेचा वर्ग. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास हाच नियम श्लोकात सांगितला आहे, आणि तिथे वर्गासाठी स्वतंत्र शब्दच असल्याने तो सावलीत हरवण्याची सोय नव्हती.

आता मूळ विधान हाती आले, तेव्हा तीन पायऱ्या वेगवेगळ्या लिहिण्याकडे येऊ. अनेक मुले तिन्ही पायऱ्या एकाच सलग परिच्छेदात कोंबतात आणि मग अडचण कोणत्या पायरीत आहे हे त्यांनाही सांगता येत नाही. मी प्रत्येक पायरीला स्वतंत्र शीर्षक देऊन, मध्ये एक ओळ मोकळी सोडून लिहायला लावतो. सर्वांत वर विधानाला नाव द्यायचे: P(n) म्हणजे ‘1³ + 2³ + … + n³ = [n(n+1)/2]²’. P(n) हे संपूर्ण वाक्याचे नाव आहे, कोणत्याही संख्येचे नाही. म्हणून ‘P(1) = 1’ असे लिहिणे चूक आहे; ‘P(1) सत्य आहे’ असे लिहावे.

पायाची पायरी. n = 1 घेऊ. डावी बाजू = 1³ = 1. उजवी बाजू = [1·2/2]² = 1² = 1. दोन्ही बाजू समान आहेत, म्हणून P(1) सत्य आहे.

इथे दोन्ही बाजू दोन वेगळ्या ओळींत काढायच्या आणि त्या समान आहेत हे शेवटी म्हणायचे. सुरुवातीलाच मध्ये बरोबरचे चिन्ह टाकून दोन्हीकडे आकडेमोड करत गेले की जे दाखवायचे आहे ते आधीच मान्य केल्यासारखे होते. या उदाहरणात त्याने नुकसान होत नाही, पण ती सवय तिसऱ्या पायरीत घात करते.

विगमन गृहीतक. k ही 1 किंवा तिच्याहून मोठी अशी एक नैसर्गिक संख्या आहे आणि तिच्यासाठी P(k) सत्य आहे असे मानू. म्हणजे 1³ + 2³ + … + k³ = [k(k+1)/2]².

या पायरीत एकही आकडेमोड नसते, म्हणून मुले ती अर्ध्या ओळीत उरकतात आणि बहुतेक वेळा ‘सर्व k साठी P(k) सत्य मानू’ असे लिहितात. ते लिहिले की सिद्ध करायला काही उरतच नाही, कारण जे सिद्ध करायचे तेच आपण मानून टाकले. इथे k कोणतीही असू शकते, पण ती एकच आहे आणि एकदा निवडली की सिद्धता संपेपर्यंत तीच राहते.

विगमन पायरी. P(k+1) सत्य आहे हे दाखवायचे आहे. म्हणजे दाखवायचे आहे की 1³ + 2³ + … + k³ + (k+1)³ = [(k+1)(k+2)/2]².

ही ‘दाखवायचे आहे’ची ओळ लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही, असा माझा आग्रह असतो. ती लिहिताना दोन ठिकाणी पाय घसरतो. उजव्या बाजूत n च्या जागी k+1 ठेवले की n+1 च्या जागी k+2 येते. घाईत तिथे k+1 तसेच राहते. आणि डाव्या बाजूत शेवटचे पद (k+1)³ आहे, k³ + 1 नव्हे. हे दोन्ही नीट लिहून झाले की फक्त डावी बाजू हातात घ्यायची:

1³ + 2³ + … + k³ + (k+1)³
= [k(k+1)/2]² + (k+1)³  (गृहीतकावरून)
= k²(k+1)²/4 + 4(k+1)³/4
= [(k+1)²/4] · [k² + 4(k+1)]
= [(k+1)²/4] · [k² + 4k + 4]
= (k+1)²(k+2)²/4
= [(k+1)(k+2)/2]²

ही P(k+1) ची उजवी बाजू आहे. म्हणून P(k) सत्य असेल तर P(k+1) सत्य असते. पायाची पायरी आणि ही पायरी मिळून, गणिती विगमनाच्या तत्त्वानुसार, P(n) प्रत्येक नैसर्गिक n साठी सत्य आहे.

दुसऱ्या ओळीपुढे ‘गृहीतकावरून’ असे लिहिलेले आहे ते शोभेसाठी नाही. गृहीतक नेमके कुठे वापरले हे एकदा तरी असे दिसलेच पाहिजे. संपूर्ण विगमन पायरीत तो शब्द कुठेच आला नसेल, तर एक तर विधान विगमनाशिवाय थेट सिद्ध झाले आहे, किंवा मुलाने शेवटच्या ओळीपासून उलटे येत ते जुळवले आहे. वहीतल्या खुणा पाहता दुसरी शक्यताच नेहमी खरी ठरते.

मुलीने अवयव पाडण्याची जी रीत पहिल्या वेळी वापरली होती तीच इथेही चालली: सामाईक अवयव आधी बाहेर काढायचा, कंस फोडायचे नाहीत. (k+1)³ चा विस्तार करून चार घातांपर्यंतची राशी करून बसले असते तर k² + 4k + 4 हा पूर्ण वर्ग दिसायला अर्धे पान लागले असते.

हाच दोष भाज्यतेच्या उदाहरणांत जरा वेगळ्या रूपात येतो. ‘3²ⁿ − 1 ला 8 ने निःशेष भाग जातो’ हे नेहमीचे उदाहरण घ्या. यात 2n हा अख्खा घातांकात आहे. फोटोत n थोडा खाली आल्यासारखा दिसला की मुले 3² गुणिले n, म्हणजे 9n − 1 असे वाचतात. n = 1 ला दोन्ही 8 देतात, पायाची पायरी पुन्हा फसवते. विगमन पायरीत 9(k+1) − 1 = (9k − 1) + 9 येते; पहिल्या कंसाला 8 ने भाग जातो, 9 ला जात नाही, आणि काम तिथेच थांबते. n = 2 ची किंमत काढली असती तर 17 आले असते आणि 8 ने भाग जात नाही हे लगेच दिसले असते; मूळ विधानात त्या जागी 80 आहे. खरे विधान घेतले की गृहीतक 3²ᵏ − 1 = 8m असे लिहायचे, जिथे m पूर्णांक आहे, आणि मग

3²⁽ᵏ⁺¹⁾ − 1 = 9·3²ᵏ − 1 = 9(8m + 1) − 1 = 72m + 8 = 8(9m + 1)

इथे फोटोचा दोष नसतानाही तीच चूक टंकताना होते. मुले एकमेकांना उदाहरण पाठवताना पहिली ओळ लिहितात. लिहायला हवी दुसरी:

```
3^2n - 1
3^(2n) - 1
```

पहिल्या ओळीचा क्रियांच्या नेहमीच्या क्रमाने अर्थ 3² गुणिले n असाच होतो, त्यामुळे ती वाचून 9n − 1 लिहिणाऱ्या मुलाला दोष देता येत नाही. एकाहून अधिक चिन्हांचा घातांक कंसात घालूनच पाठवावा.

शेवटचा प्रकार याच्या अगदी उलट आहे: पायाची पायरी अडते आणि विगमन पायरी सुरळीत सुटते. असे दिसले की सूत्रातले काही हरवलेले नसून सूत्राशेजारची अट फोटोच्या चौकटीबाहेर राहिली असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासावी. ‘2ⁿ < n!’ हे त्याचे ठरलेले उदाहरण. एका मुलाने n = 1 घेऊन 2 < 1 असे मिळवले, ‘प्रश्न चुकीचा’ असे लिहून दिले आणि वर कुतूहलाने विगमन पायरीही करून पाहिली होती:

2ᵏ⁺¹ = 2·2ᵏ < 2·k! ≤ (k+1)·k! = (k+1)!

ही पायरी k ≥ 1 असलेल्या प्रत्येक k ला लागू पडते, कारण तिला 2 ≤ k+1 एवढेच हवे आहे. पण ज्या ठिकाणाहून चढायचे तो पायाच नाही. n = 1, 2, 3 ला अनुक्रमे 2 < 1, 4 < 2, 8 < 6 ही तिन्ही विधाने असत्य आहेत; n = 4 ला 16 < 24 हे पहिले सत्य विधान मिळते. समासातल्या तीन किमतींवर थांबण्याचा माझा नियम इथे अपुरा पडतो, म्हणून असमानतेच्या उदाहरणात पहिली सत्य किंमत मिळेपर्यंत पुढे जायचे आणि मग मूळ पानावर तीच अट छापली आहे का ते पाहायचे. त्याच्या फोटोत सूत्र होते, त्याच्या वरची ओळ नव्हती. वर ‘n ≥ 4 असलेल्या प्रत्येक नैसर्गिक n साठी’ असे छापलेले होते.

अट मिळाल्यावर त्याने पायाची पायरी n = 4 ने बदलली आणि वही पुढे केली. गृहीतकात मात्र ‘k ≥ 1’ तसेच राहिले होते. मी विचारले, “k = 2 घेतलास तर तू काय मानतो आहेस?” त्याने क्षणभर ओळीकडे पाहिले, “4 < 2,” असे म्हणाला आणि 1 खोडून 4 केला.